आठवड्याला दहा बेड

"घरात एक खोली रिकामी पडली आहे. तिच्यात मशरूम होईल का? खर्च किती येतो, माल किती निघतो आणि विकायचा कुठे?"

होईल, पण धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. हॉटेलात मिळतं ते पांढरं बटन मशरूम रिकाम्या खोलीचं काम नाही. त्याला कुजवलेलं कंपोस्ट लागतं आणि फळं येताना सोळा-अठरा अंशांचा गारवा लागतो, म्हणजे एसी आणि त्याचं बिल आलं. धिंगरी साध्या काडावर येते, आणि आमच्या साताऱ्यासारख्या हवेत पावसाळ्यापासून होळीपर्यंत वेगळा गारवा करावा लागत नाही.

खोली पाहताना एक गोष्ट आधी बघा: ती झोपायच्या खोलीला लागून नसावी. धिंगरी पक्व झाली की बारीक पांढरी भुकटी सोडते. ती रोज नाकात गेली की खोकला लागतो, दमेकऱ्याला तर जास्तच त्रास होतो. गच्चीवरची किंवा मागच्या दारची खोली उत्तम.

आता खर्च. दहा बाय दहाच्या खोलीला बांबू आणि नायलॉनची दोरी, खिडकीला बारीक जाळी, एक एक्झॉस्ट पंखा, भिंतीला लावायला गोणपाट, पाणी फवारायला हातपंप, काड उकळायला पिंप आणि शेगडी, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. हे सगळं माझ्याकडे बारा हजारांच्या आसपास बसलं. पिंप आणि शेगडी घरची असेल तर आणखी कमी. रॅक, फॉगर वगैरे पहिल्या वर्षी घेऊच नका.

बेड म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देऊन भरलेलं काड आणि बियाणं, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली धिंगरीची बुरशी. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं भुसकट घ्यायचं, पण पावसात न भिजलेलं. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून रात्रभर भिजवायचं, दुसऱ्या दिवशी ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं आणि सावलीत निथळायचं. मूठभर काड घट्ट दाबलं तर पाणी ठिबकू नये, तळवा मात्र ओलसर व्हावा. सगळ्या धंद्यात ही एक परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओल जास्त राहिली की पाणी तळाशी साचतं, तिथे आंबूस वास सुटतो आणि तो बेड गेला म्हणून समजा.

एक किलो कोरडं काड भिजून तीन-चार किलो होतं. त्याला साधारण शंभर ग्रॅम बियाणं लागतं. बियाणं पांढरंशुभ्र असावं. पिशवीत पिवळसर पाणी सुटलेलं दिसलं तर ते जुनं, परत करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा, म्हणजे मशरूमचा प्रकल्प आहे, तिथे प्रशिक्षण होतं आणि बियाणंही मिळतं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. काड, बियाणं, पिशवी आणि गॅस मिळून एका बेडला मला तीस रुपये पडतात.

भरलेल्या पिशवीला भोकं पाडून ती अंधारात ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत आत पांढरी बुरशी पसरून काड घट्ट बांधलं जातं. मग प्लॅस्टिक काढायचं, बेड दोरीला टांगायचा, उजेड आणि हवा द्यायची, आणि भिंती, जमीन, गोणपाट दिवसातून दोन-तीनदा ओलं करायचं. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसले की तीन-चार दिवसांत काढणी. देठ लांब आणि टोपी बारकी आली तर खोलीत हवा कोंडली आहे, पंखा जास्त वेळ चालवा. पहिल्या काढणीनंतर आठ-दहा दिवसांनी दुसरी, तशीच तिसरी. तिन्ही मिळून एका बेडचे मी सहाशे ग्रॅम धरते. किलोच्या वर निघाल्याचं लोक सांगतात. एखादा बेड देतोही, पण हिशेब त्यावर मांडू नये.

खरी अडचण इथून पुढे आहे. बहुतेक नवखे हौसेने एकाच दिवशी साठ बेड भरतात. ते सगळे एकदमच फुटतात. दोन-तीन दिवसांत पंधरा-अठरा किलो माल हातात, आणि ताजी धिंगरी बाहेर जेमतेम एक दिवस टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार. ओळखीच्यांना वाटूनही निम्मी उरते. म्हणून मी आठवड्याला दहाच बेड भरते. शनिवारी रात्री काड भिजत, रविवारी भरणी. दीड महिन्यानंतर खोलीत साठ-सत्तर बेड वेगवेगळ्या वयाचे असतात. दर आठवड्याला एका खेपेची पहिली काढणी सुमारे तीन किलो, मागच्या खेपेची दुसरी दोन, त्याआधीच्या खेपेची तिसरी एक. एकूण सहा किलो, आणि तेही दोन-तीन दिवसांत विभागून.

यातला एक किलो तुटका, वेडावाकडा म्हणून घरातच जातो. पाच किलोंची दोनशे ग्रॅमची पंचवीस पाकिटं, पन्नास रुपयांनी साडेबाराशे. बेडचे तीनशे आणि पाकिटांचे शंभर वजा केले की हातात साडेआठशे, पेट्रोल सोडून. महिन्याला साडेतीन हजारांच्या आतबाहेर. लाखाच्या गप्पा ऐकून आलेल्याची इथे निराशा होते, पण एका खोलीचं आणि रोजच्या दोन तासांचं एवढंच निघतं.

बेड खराब होतात, ते धरूनच चाला. पांढऱ्यावर हिरवा डाग दिसला की तो बेड न उघडता, न झटकता थेट बाहेर न्यायचा. त्याची भुकटी उडाली की शेजारचे चार जातात. काळ्या छत्र्या उगवून शाईसारख्या विरघळल्या तर काड नीट तापलेलं नव्हतं किंवा ओल जास्त होती. पावसाळ्यात बारीक माश्यांचा त्रास असतो, तेव्हा जाळी फाटकी नको. अन्नावर येणारी वस्तू, औषध फवारू नका.

काढणी पाणी मारण्याआधी, सकाळी करायची. कडा खाली वळलेल्या असतानाच पिरगळून काढायचं. कडा वर उलटल्या की उशीर झाला. ओली धिंगरी पाकिटात घातली तर संध्याकाळी बुळबुळीत होते. भाजीवाल्याकडे ठेवायला दिली तर हेही सांगावं लागतं, कारण त्याचा हात सवयीने मेथीवर पाणी मारता मारता पाकिटावरही जातो.

विक्रीसाठी मंडईत जाऊ नका. तिथे बटनलाच ओळख आहे, धिंगरी बघून लोक "हे कसलं?" विचारून पुढे जातात. माझी निम्मी पाकिटं दोन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात, आदल्या रात्री मागणी घेऊन. सुरुवातीला पाकीट फुकट दिलं आणि सोबत कांदा-खोबऱ्याच्या वाटणातल्या रश्शाची कृती पाठवली. श्रावणात मागणी वाढते, मटण बंद असलेल्या घरांत रस्सा तर हवाच असतो. जैन घरांत मात्र विचारू नये. एक हॉटेल धरलं आहे, पण ते दर पाडून मागतं आणि पैसे महिन्याने देतं, म्हणून तिथे उरलेलाच माल.

"बियाणं आमचं घ्या, सगळा माल आम्ही परत घेऊ," असं सांगणारे भेटतील. ते बहुधा वाळलेला माल मागतात. दहा किलो ताज्याचं वाळून एक किलो होतं, तेव्हा त्यांचा वाळल्याचा दर दहाने भागून बघा. ताज्याचा तुमचा खर्चच किलोला पन्नासच्या पुढे असतो. शिवाय करार कागदावर नसेल तर बियाण्याचे पैसे आगाऊ देऊ नका.

मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मी खोली बंद ठेवते. तिशीच्या वर तापमान गेलं की कोंब वाळतात, गोणपाट कितीही भिजवा. तेवढ्या दिवसांत भिंतींना चुना मारून घेते, जुने बेड गांडूळखताला जातात. तुम्हाला आता सुरू करायचं असेल तर गणपती झाल्यावर पहिले दहा भरा. बियाण्याची मागणी आठवडाभर आधी नोंदवावी लागते, आणि त्याच आठवड्यात दहा-बारा घरांना पाकीट घेणार का म्हणून विचारून ठेवा.