लिमाट नदीकाठी: बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्यांच्या वाटेवर

झुरिकच्या जुन्या भागात, ग्रॉसम्युन्स्टर चर्चपासून जवळच, नॉयश्टाटगासे नावाचा अरुंद रस्ता आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी इथल्या फेलिक्स मान्त्सच्या आईच्या घरी काही माणसे जमली आणि कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या प्रौढाने तो स्वतःच्या श्रद्धेने नव्याने घेणे हा त्या काळी गुन्हाच होता. त्याच आठवड्यात नगरसभेने फर्मान काढले होते की, ज्या बालकांचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही त्यांचा तो येत्या आठ दिवसांत झाला पाहिजे, नाहीतर आईवडिलांना शहर सोडावे लागेल.

ही माणसे मुळात झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याचीच शिष्य होती, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. बायबलबाहेरचे काही मानायचे नाही, हे त्यांनी त्याच्याकडूनच शिकून घेतले होते. बालबाप्तिस्म्याची आज्ञा बायबलात कुठे आहे, एवढेच ते विचारत होते. झ्विंग्ली मात्र बाप्तिस्म्याला सुंतेसारखी देवाशी झालेल्या कराराची खूण मानत असे, आणि ती खूण मुलांनाही लागू होते असे त्याचे म्हणणे होते. कॅथलिकांचे कारण वेगळे होते: बाप्तिस्म्याने माणसाला जन्मतःच लागलेले आदिपाप धुतले जाते, म्हणून बाळाला त्यावाचून ठेवणे म्हणजे त्याच्या आत्म्याला धोक्यात लोटणे. राज्यकर्त्यांना मात्र एकच भीती होती. गावात जन्मलेले प्रत्येक मूल आपोआप चर्चचे आणि प्रजेचे सदस्य होई. स्वखुशीने सामील होणाऱ्यांची मंडळी निघाली, तर ही वीणच उसवणार होती. त्यातच १५२५ मध्ये जर्मन प्रदेशात शेतकऱ्यांचा उठाव पेटलेला, आणि यांच्यातले बरेच जण शपथ घ्यायला व शस्त्र धरायला नकार देत होते, तर त्या काळची नगरे नागरिकांच्या शपथेवरच उभी होती.

पुढे मी लिमाट नदीच्या पलीकडच्या काठावर, शिप्फे भागात गेलो. तिथल्या शिलालेखावर नोंद आहे की, १५२७ ते १५३२ या काळात फेलिक्स मान्त्स आणि आणखी पाच जणांना नदीतल्या मचाणावरून बुडवून मारण्यात आले. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्त्सचे हात बांधून ते गुडघ्यांवरून खाली ओढले गेले, हात आणि गुडघे यांच्यामध्ये काठी अडकवली गेली, म्हणजे पोहणे अशक्य व्हावे. त्याची आई काठावरून त्याला श्रद्धेत खंबीर राहण्यास सांगत होती. ब्लाउरॉक झुरिकचा नागरिक नव्हता, म्हणून त्याच दिवशी त्याला फटके मारून हाकलण्यात आले. १५२९ मध्ये कॅथलिक टिरोलमध्ये त्याला जाळण्यात आले.

जर्मनीतल्या श्पायरमध्ये मी प्रोटेस्टंटांचे भव्य स्मारक चर्च पाहिले. एप्रिल १५२९ च्या साम्राज्यसभेत लुथरवादी राजांनी सद्सद्विवेकाच्या नावाने जो निषेध नोंदवला, त्याची ही आठवण. त्याच सभेने, कॅथलिक आणि लुथरवादी दोघांच्या संमतीने, पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना देहदंड देण्याचा कायदा केला, आणि त्याला आधार घेतला तो जुन्या रोमन सम्राटांच्या कायद्याचा.