पैसे काढायची रिक्वेस्ट आणि 'रद्द करा' बटण

ऑनलाइन स्लॉट गेम चालवणाऱ्या कंपनीत मी डेटा ॲनालिस्ट होतो. खेळणाऱ्याने पैसे काढायची रिक्वेस्ट टाकली की ती 48 तास पेंडिंग राहायची. कारण सांगायचे ओळख पडताळणीचं, पण बहुतेकांची ती आधीच झालेली असायची. आणि तेवढ्या वेळात स्क्रीनवर एक बटण दिसत राहायचं, 'रद्द करा आणि खेळत राहा'. ते बटण वर ठेवायचं की खाली याची टेस्ट माझ्याकडे होती.

बटण वर असलं की रद्द करणारे बरेच वाढत होते. मीटिंगच्या आधी मी सहज काही खाती उघडून बघितली. एकाने 2,000 भरलेले, त्याचे 9,000 झाले, आणि रात्री सव्वाअकराला त्याने सगळे काढायची रिक्वेस्ट टाकली. म्हणजे माणूस थांबलाच होता हो! मग पावणेदोनला त्यातले 1,000 रद्द करून परत खेळायला घेतले, ते गेले, दोननंतर 3,000, पहाटे उरलेले सगळे, आणि खातं शून्यावर आल्यावर लगेच नवीन 500 भरले. आमच्या रिपोर्टमध्ये हे यश म्हणून मोजलं जाणार होतं.

लोक म्हणतात गेम 96 टक्के परत देतो, मग काय वाईट? पण ते दर बेटमागे सरासरी आहे, आणि माणूस तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरवतो. 10 च्या बेटने तासाला 600 स्पिन झाले तर 6,000 फिरले, त्यातले सरासरी 240 गेले. म्हणून कंपनीला पैसे आत अडकून राहायला हवे असतात, आणि ते 48 तास त्यासाठीच होते. ब्रिटनच्या नियामकाने 2021 मध्ये ही रद्द करायची सोयच बंद केली. मी ते दाखवलं तर उत्तर आलं, आपल्याला तो नियम लागू नाही.

आतल्या प्लेअर सेफ्टी टीममध्ये जायचा विचार केला, पण ते फक्त सूचना पाठवू शकत होते, बटणाचा निर्णय रेव्हेन्यूवाल्यांचा. आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन उघडायचे लूट बॉक्स विकणाऱ्या गेम कंपनीतही मला तेच काम करावं लागलं असतं. शेवटी बँकेतल्या फ्रॉड टीमला अर्ज केला, कारण व्यवहारांची साखळी वाचायची सवय तिथेही चालते. पगार साधारण पाव हिश्शाने कमी. वर्षाअखेरपर्यंत थांबलो असतो तर बोनस मिळाला असता, पण तोपर्यंत ते बटण माझ्याच रिपोर्टवर सगळ्यांना लागू झालं असतं, ते मला नको होतं. बोनस सोडला.

घराचा हप्ता भागतोय, बचत मात्र जवळजवळ थांबलीय, आणि हे किती दिवस चालेल याचा हिशोब आम्ही दोघं दर तिमाहीला बसून करतो.