भागायचं की मूळ काढायचं? तीन व्याजदर जुळवताना झालेली माझी फजिती

एक लाखाचं मुद्दल पाच वर्षांसाठी गुंतवायचं, पर्याय तीन, आणि त्यातला कुठला बरा ते एका तक्त्यात मांडून दाखवायचं, एवढंच काम माझ्याकडे आलं होतं. पहिल्यात १२ टक्के दर, चक्रवाढ दर महिन्याला. दुसऱ्यात १२.१ टक्के, चक्रवाढ दर तिमाहीला. तिसरा दर एका मूल्यांकनाच्या मॉडेलमधून आलेला, ११.९५ टक्के, आणि त्यापुढे लिहिलं होतं ‘सतत चक्रवाढ’. वरवर बघता उत्तर समोरच होतं. १२.१ सगळ्यात मोठा, म्हणून दुसरा पर्याय. ते मनाशी धरूनच मी कामाला लागलो.

तक्ता महिन्यागणिक वाढणारा हवा होता. पहिल्या पर्यायाच्या कागदावर दोन आकडे छापलेले होते, १२ आणि १२.६८२५. दुसऱ्या आकड्यापुढे ‘प्रभावी वार्षिक दर’ असं लिहिलेलं. मला वाटलं, वर्षाचा खरा दर हाच, तर हाच घेऊ. त्याला १२ ने भागलं, महिन्याचा दर आला १.०५६९ टक्के. साठ ओळी खाली ओढल्या आणि शेवटची रास वाचली: १,८७,९११.

ताईंनी, म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या सहकारी, तक्ता हातात घेतला आणि साठावी ओळ सोडून थेट बारावीवर बोट ठेवलं. तिथे १,१३,४४६ होते.

“वर्षाचा दर किती म्हणालास?”

“१२.६८.”

“मग वर्षअखेर १,१२,६८३ व्हायला हवेत. हे वरचे सातशे त्रेसष्ट कुठून आले?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, “अरे, व्याजावरचं व्याज त्या १२.६८ मध्ये आधीच बसलंय. तू त्याचे बारा तुकडे केलेस आणि त्या तुकड्यांवर पुन्हा चक्रवाढ लावलीस. एकच गोष्ट दोनदा मोजलीस.”

या एका वाक्यावर पुढचं सगळं उलगडलं. पहिल्या पर्यायातला १२ हा आकडा नॉमिनल दर आहे, म्हणजे नुसतं नाव. ‘महिन्याला १ टक्का’ हे सांगायची ती एक पद्धत, इतकंच. त्याला १२ ने भागणं बरोबर, कारण तो मुळात महिन्याच्या दराला १२ ने गुणूनच तयार झालाय. पण भागायचं ते फक्त त्याच्या स्वतःच्या हप्त्यांनी. मासिक चक्रवाढीच्या १२ टक्क्यांना ४ ने भागून तिमाहीचे ३ टक्के म्हणालात, तर चुकलात. तीन महिन्यांत १.०१ × १.०१ × १.०१ होतात, म्हणजे ३.०३०१ टक्के.

प्रभावी दराचं तसं नाही. वर्षाच्या सुरुवातीला १ होते, शेवटी १.१२६८२५ झाले, एवढंच तो सांगतो. मधे किती वेळा व्याज जमा झालं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्यामुळे त्याला भागायचं नसतं, त्याचं मूळ काढायचं असतं. १.१२६८२५ चं बारावं मूळ १.०१. महिन्याला नेमका एक टक्का परत हातात येतो. मी तक्ता तसा दुरुस्त केला तेव्हा साठाव्या ओळीत १,८१,६७० आले. आधीच्या आकड्यात ६,२४१ फुकटचे होते.

मग दुसरा पर्याय. १२.१ ला ४ ने भागलं, तिमाहीचे ३.०२५ टक्के. १.०३०२५ चा चौथा घात १.१२६६०२. प्रभावी दर १२.६६०२ टक्के. इथे मी थबकलो. १२.१ वाला पर्याय १२ वाल्यापेक्षा चक्क खाली गेला होता. फरक नखाएवढा, पण दिशा उलटी. मासिक चक्रवाढीत वर्षभरात अकरा वेळा व्याजाला व्याज लागतं, तिमाहीत तीनच वेळा, वरचा ०.१ टक्का त्याची भरपाई करायला पुरत नाही.

तिसऱ्या पर्यायाची मला धास्ती होती. ‘सतत’ म्हणजे नक्की काय? दर सेकंदाला कोणी व्याज जमा करत बसत नाही. ही कल्पना याकोब बर्नुलीच्या सतराव्या शतकातल्या प्रश्नातून आली. वर्षाला १०० टक्के व्याज असेल तर १ चे २ होतात. तेच सहामाही लावलं तर २.२५, मासिक लावलं तर २.६१३०, रोज लावलं तर २.७१४६. हप्ते कितीही बारीक केले तरी रास एका मर्यादेपलीकडे जात नाही. ती मर्यादा २.७१८२८..., जिला आपण e म्हणतो. दर १०० टक्क्यांऐवजी r असेल तर वर्षाची मर्यादा e चा r वा घात. म्हणून तिसऱ्या पर्यायात e चा ०.११९५ वा घात काढायचा. तो १.१२६९३३, म्हणजे प्रभावी दर १२.६९३३ टक्के.

छापलेला दर सगळ्यात लहान, आणि वाढ सगळ्यात जास्त! तिन्हींचा क्रम नेमका उलटा लागला होता. माझा विश्वास बसेना, म्हणून मी उलट बाजूनेही ताळा घेतला आणि तिन्ही दर सतत चक्रवाढीत आणायला बसलो. सूत्र सोपं आहे: प्रभावी दरात १ मिळवून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. पहिल्या पर्यायाला ते लावलं, उत्तर आलं ५.१९ टक्के.

ही माझी दुसरी फजिती. मी स्प्रेडशीटमध्ये `LOG` टाइप केलं होतं, आणि तिथे त्याचा पाया १० असतो. हवं होतं `LN`. गंमत अशी की बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत `log` म्हणजे नैसर्गिकच, त्यामुळे एकीकडची सवय दुसरीकडे घात करते. सुदैवाने ही चूक लपत नाही. सतत दर हा त्याच्याशी समतुल्य नॉमिनल दरापेक्षा थोडासाच कमी यायला हवा. १२ च्या जागी ५ दिसले की सूत्रात गडबड आहे हे उघड होतं. ‘थोडासाच’ म्हणजे किती, याचाही एक तोंडी अंदाज ताईंनी दिला. नॉमिनल दराचा वर्ग करायचा आणि त्याला हप्त्यांच्या दुपटीने भागायचं. ०.१२ चा वर्ग ०.०१४४, भागिले २४, म्हणजे ०.०६ टक्के. `LN` ने उत्तर आलं ११.९४०४, म्हणजे फरक ०.०५९६. जुळलं.

शेवटी माझ्या शीटमध्ये उरली ती एवढीच सूत्रं:

```
=EFFECT(0.12,12)
=EFFECT(0.121,4)
=EXP(0.1195)-1
=LN(1+0.126825)
=NOMINAL(0.126825,12)
```

`EFFECT` ला आधी नॉमिनल दर द्यायचा, मग वर्षातले हप्ते. सततसाठी वेगळं फंक्शन नाही, ते `EXP` आणि `LN` वरच भागतं. `EFFECT` मध्ये हप्त्यांच्या जागी भलामोठा आकडा टाकून सततच्या जवळ जाता येतं, पण `EXP` हाताशी असताना तो खटाटोप कशाला?

दुसऱ्या पर्यायाचा सतत दर ११.९२०६ आला. म्हणजे दुसरा, पहिला, तिसरा असे पर्याय चढत्या क्रमाने लावले तर सतत मापात ११.९२, ११.९४ आणि ११.९५. प्रभावी मापात १२.६६, १२.६८ आणि १२.६९. तिन्ही मासिक नॉमिनलमध्ये आणले तर ११.९८, १२.०० आणि १२.०१. माप कुठलंही घ्या, क्रम तोच राहतो. न राहिला तर कुठेतरी चुकलंय असं समजावं. पाच वर्षांच्या राशी १,८१,४९०, १,८१,६७० आणि १,८१,७५७. पहिल्या आणि शेवटच्या राशीत २६७ चाच फरक, म्हणजे या तीन पर्यायांत निवड दरावर करण्यापेक्षा दुसऱ्या कशावर तरी करणं शहाणपणाचं होतं. आणि माझ्या एका चुकीच्या भागाकाराने ६,२४१ चा फरक पाडला होता.

सतत दर मला नंतर आवडायला लागला, हे इथे कबूल करतो. तो एकटाच असा आहे की ज्याला कशानेही भागलं तरी चालतं. ११.९४०४ ला १२ ने भागा, महिन्याचा ०.९९५०३ टक्के, e चा तेवढा घात घ्या, १.०१ हजर. दिवसांनी भागा, आठवड्यांनी भागा, तसंच. वेगवेगळ्या वर्षांचे सतत दर नुसते बेरीज करूनही चालतात. एका वर्षी १० टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के घट झाली, तर साध्या हिशेबात १०० चे ९९ होतात. सतत मापात अधिक १० आणि उणे १० म्हणजे शून्य, आणि रास खरोखरच १०० वर परत येते. मॉडेल करणाऱ्यांना हा दर का सोयीचा वाटतो ते तेव्हा कळलं.

तक्ता देण्याआधी ताईंनी दुसऱ्या पर्यायाच्या अटी पुन्हा वाचायला लावल्या. त्यात तिमाही व्याज मुद्दलात जमा होत नव्हतं, हातात मिळत होतं. म्हणजे १२.६६ हा प्रभावी दर तेव्हाच खरा, जेव्हा दर तिमाहीचे ३,०२५ त्याच दिवशी, त्याच दराने पुन्हा कुठेतरी गुंतवले जातील. ते नुसते पडून राहिले तर पाच वर्षांत वीस हप्त्यांचे ६०,५०० आणि मुद्दल, मिळून १,६०,५००. सूत्रात कुठेही चूक नसताना वीस हजारांहून जास्त तफावत. मी त्या ओळीसमोरची रास खोडली, आणि तिथे ‘व्याज बाहेर, पुनर्गुंतवणुकीचा दर ठरल्यावर भरणे’ एवढं लिहून तक्ता पुढे पाठवला.