आयपीओ नोंदवही: पैशाचा रकाना वेगळा, तारखेचा वेगळा

माझ्या नोंदवहीत आजवर इश्यूचा प्रकार आणि अँकरची, म्हणजे इश्यू उघडण्यापूर्वीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांची, यादी या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात जात असत. ऑफर फॉर सेल किंवा ओएफएस, म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकण्याचा भाग, जास्त असेल तर वजा गुण, यादीत मोठे म्युच्युअल फंड असतील तर अधिक गुण, आणि त्या बेरजेवरून अर्ज करायचा की नाही ते ठरायचे. या महिन्यात दोन जुने इश्यू पुन्हा तपासले आणि ही पद्धत बंद केली. पैसा कोणाच्या खात्यात जातो हे इश्यूच्या प्रकारावरून कळते, तर शेअर विक्रीसाठी बाजारात केव्हा येणार हे लॉक-इनवरून, म्हणजे शेअर विकण्यावरच्या बंदीच्या मुदतीवरून, कळते, आणि या दोन उत्तरांची बेरीज होत नाही.

पहिली तपासणी एलआयसीची. मे २०२२ मधला हा इश्यू पूर्णपणे ओएफएस होता. केंद्र सरकारने ९४९ रुपये इश्यू भाव ठेवून सुमारे २२.१३ कोटी शेअर विकले आणि सगळा पैसा सरकारकडे गेला. नवे शेअर निघाले नसल्यामुळे एकूण शेअरसंख्या वाढली नाही, आणि महामंडळाच्या हाती नवे भांडवलही आले नाही. अशा इश्यूत माहितीपत्रकातले ‘पैसा कशासाठी’ हे प्रकरण वाचून फारसे काही हाती लागत नाही. विकणारा किती हिस्सा विकतो आहे आणि किती मागे ठेवतो आहे, एवढेच पाहायचे. इथे विक्री साडेतीन टक्क्यांची होती, तेव्हा मालक बाहेर पडतो आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरले असते.

आता तारखा. १ एप्रिल २०२२ पासून उघडलेल्या इश्यूंत अँकरला मिळालेल्या शेअरपैकी निम्मे वाटपापासून ३० दिवस आणि उरलेले निम्मे ९० दिवस विकता येत नाहीत. एलआयसीत अँकरकडे सुमारे ५.९३ कोटी शेअर होते. ते वगळले तर विक्रीला मोकळे शेअर सुमारे १६.२ कोटी उरतात. पहिली मुदत संपल्यावर, म्हणजे सोमवारी १३ जून रोजी, त्यात जवळपास २.९६ कोटींची भर पडणार होती. मोकळा पुरवठा एका दिवसात १८ टक्क्यांनी वाढू शकत होता. त्या दिवशी शेअर सुमारे ६ टक्के पडला. मात्र त्याच दिवशी सेन्सेक्सही १,४५० हून अधिक अंकांनी कोसळला होता आणि शेअरची घसरण लिस्टिंगपासूनच चालू होती, त्यामुळे सगळा दोष लॉक-इनच्या माथी मारता येत नाही. हे शेजारी लिहून ठेवले नसते, तर माझ्या वहीत एक खोटा नियम तयार झाला असता.

दुसरी तपासणी झोमॅटोची, जुलै २०२१. एकूण ९,३७५ कोटींपैकी ९,००० कोटींचा फ्रेश इश्यू, म्हणजे कंपनीने काढलेले नवे शेअर, आणि केवळ ३७५ कोटींचा ओएफएस. माझ्या जुन्या गणिताने याला भरघोस गुण मिळाले असते. तेव्हा अँकरचे सगळे शेअर ३० दिवसांनी एकदम मोकळे होत. २३ ऑगस्टला ती मुदत संपली आणि शेअर दिवसभरात ८ ते ९ टक्क्यांपर्यंत घसरला, तोही सेन्सेक्स वर बंद झाला त्या दिवशी. पैसा कंपनीत गेला होता, तरी पुरवठ्याचा धक्का टळला नाही.

खरी मोठी तारीख तर पुढे होती. इश्यूपूर्वीच्या, प्रवर्तक नसलेल्या भागधारकांचे लॉक-इन त्या वेळी एक वर्षाचे होते, आता ते सहा महिन्यांचे आहे. जुलै २०२२ मध्ये ते संपले तेव्हा सुमारे ६१३ कोटी शेअर, म्हणजे कंपनीचा ७८ टक्के हिस्सा, विक्रीस पात्र झाला. अँकरचे शेअर होते ५५ कोटींच्या आसपास. मी मात्र इतकी वर्षे अँकरचीच तारीख ठळक करून ठेवत होतो.

मग अँकरच्या यादीतून छोट्या अर्जदाराने काय घ्यायचे? इश्यू उघडण्यापूर्वीच ठरलेल्या भावाला अमुक संस्थांनी किमान ३० ते ९० दिवसांचा धोका पत्करला, इतकेच. लॉक-इन हा नियम आहे, त्यांनी दिलेले वचन नव्हे. त्यामुळे सगळ्याच इश्यूंत सारखा असणारा हा कालावधी एखाद्या इश्यूबद्दल वेगळा विश्वास दाखवत नाही. शिवाय तीच संस्था सर्वसाधारण संस्थात्मक कोट्यातही बोली लावू शकते, आणि तिथे मिळालेले शेअर लिस्टिंगच्याच दिवशी विकता येतात. यादी वाचताना मी आता योजनांची नावे मोजत नाही, फंड घराणी मोजतो, कारण एकच घराणे आपल्या अनेक योजनांमधून अर्ज करते आणि यादी लांबलचक दिसू लागते.

नव्या पानावर म्हणून दोन स्वतंत्र रकाने आखले आहेत. पैशाच्या रकान्यात फ्रेश इश्यूची रक्कम, तिचा कर्जफेड, यंत्रसामग्री वगैरे ठरलेला वापर आणि विकणाऱ्याकडे उरणारा हिस्सा. तारखेच्या रकान्यात वाटपापासून ३०वा दिवस, ९०वा दिवस आणि सहावा महिना, आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी मोकळ्या होणाऱ्या शेअरचे आधीच्या मोकळ्या शेअरशी प्रमाण.