गणपतीपर्यंत पंधरा किलो

"दत्तक शिबिरात तुमच्या पाट्यांवर 'एक जीव वाचवा' असं का नसतं? वाचलं की माणूस लगेच पिल्लू उचलेल ना!"

लगेच उचलतो, याचीच मला धास्ती वाटते. पुण्यात आम्ही काही जण मिळून रस्त्यावरच्या पिल्लांसाठी शिबिरं भरवतो, त्यातलं पाट्या रंगवायचं काम माझं. सुरुवातीला मीही 'रस्त्यावरच्या बाळाला घर द्या' असंच लिहायचे. एका जानेवारीत त्या पाटीवर दुपारपर्यंत सगळी पिल्लं गेली. त्यातलं एक तांबूस पिल्लू मे महिन्यात परत आलं.

आणणाऱ्या बाई रडत होत्या. सोफ्याची कड, चार्जरची वायर, सासऱ्यांच्या चपला, सगळं त्यानं कुरतडलं होतं. "एवढं मोठं होईल असं वाटलंच नव्हतं हो," त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. कुत्र्याचे दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि पक्के दात यायला सहा-सात महिने होतात. तोवर हिरड्या शिवशिवत असतात, चावायला काहीतरी लागतंच. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पाटीनं तर नाहीच. पिल्लू दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलं, पेडिग्रीचा दाणा नाही की दहीभात नाही. सहा महिन्यांच्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं किती अवघड असतं, हे शिबिरात उभं राहिल्यावरच कळतं, कारण आलेला प्रत्येक जण तळहातावर मावणारं पिल्लू शोधत असतो.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लॅब्रेडॉर विकत घेणाऱ्याला तो केवढा होणार, केस किती गाळणार, किती खाणार, हे साधारण ठाऊक असतं. ब्रीडचं नाव उच्चारलं की चित्र डोळ्यासमोर येतं. देशी पिल्लाबाबत असं चित्रच नसतं, असते ती फक्त दया. म्हणून ते चित्र पाटीनं द्यायचं. त्याच्या पुढच्या जानेवारीपासून आमची पाटी आहे : 'आज तीन किलो, गणपतीपर्यंत पंधरा.' वाचून काही जण "बाप रे" म्हणत निघून जातात. जाऊ देत. जे थांबतात ते मग विचारतात, दिवसभर घरी कुणी नसलं तर चालेल का, अंड्याचं खाल्लं तर चालेल का, भुंकतं किती. असे प्रश्न ऐकले की मला फार बरं वाटतं.

'देशी कुत्रा, आजारपण नाही' ही घोषणा मात्र मी कुणाच्याही हट्टाखातर रंगवणार नाही. आखूड केसांमुळे आपल्या उन्हाळ्यात तो हस्कीपेक्षा कितीतरी सुखात राहतो, हे खरं. पण पार्व्होचा जीवघेणा विषाणू देशी-विदेशी बघत नाही. एका घरानं 'हे कणखर असतात' या भरवशावर पहिल्या इंजेक्शननंतर पुढची घेतलीच नाहीत. पिल्लानं आधी खाणं सोडलं, मग उलट्या, मग घाण वासाचे रक्ताळलेले जुलाब. तिसऱ्या दिवशी ते गेलं. पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तीच लशीला काम करू देत नाही. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजचं. आता मी लिहिते : 'पहिलं इंजेक्शन आम्ही दिलंय, पुढची तुमच्याकडे.' खाली तारखेसाठी मोकळी जागा. तारीख नेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायची.

तिसऱ्या पाटीसाठी मला सगळ्यात जास्त दिवस लागले. प्रत्येक शिबिरात संध्याकाळी टोपलीत उरतात त्या माद्या. लोक पिल्लू उचलून आधी पोटाखाली बघतात आणि मादी असली की हळूच खाली ठेवतात. ते बघताना अजूनही पोटात कालवतं. कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात : माजावर आली की दारात कुत्र्यांची गर्दी, आणि वर्षाला दोनदा पिल्लं. भीती खोटी नाही, पण साधारण सहा महिन्यांची झाल्यावर नसबंदी केली की दोन्ही प्रश्न मिटतात. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून तो खर्च गटानं उचलायचं ठरवलं आणि पाटी लिहिली : 'ऑपरेशन आमच्याकडे, लेक तुमच्याकडे.'

ती पहिल्यांदा लावली त्या दिवशी एक आजोबा बराच वेळ पाटीसमोर उभे होते. मग टोपलीपाशी वाकले आणि त्यांनी विचारलं, "यातली लेक कुठली?" आम्ही काळ्या पायांची दाखवली. त्यांनी तिच्या पोटाखाली पाहिलं नाही. खिशातून चष्मा काढला आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहायला पेन मागितलं.