मधल्या प्रश्नाला दोनच ओळी

बी.एड.च्या आंतरवासितेत प्रत्येक पाठानंतर चिंतन नोंद लिहावी लागते. आमच्या छापील वहीत तिचे तीन प्रश्न आहेत: काय घडलं, त्याचं महत्त्व काय, पुढे काय. ही मांडणी टेरी बॉर्टन या अमेरिकन शिक्षकाने १९७० मध्ये केली, पुढे ती नर्सिंगच्या शिक्षणात रुळली. प्रश्न उत्तम आहेत. राग आहे तो वहीवर. पहिल्या प्रश्नाला अर्धं पान, तिसऱ्याला पाव पान आणि मधल्याला फक्त दोन ओळी. सगळी नोंद ज्या प्रश्नावर उभी असते, त्यालाच जागा नाही.

माझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. सहावीचा वर्ग, घटक दशांश अपूर्णांकांची तुलना. पाठ छान झाला, फळ्यावरच्या उदाहरणांना हात वर येत होते. शेवटी मी चिठ्ठ्या वाटल्या: ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, आणि का? ४१ पैकी २६ मुलांनी ०.३५ लिहिलं. ‘काय घडलं’ एवढंच, ते पटकन लिहून झालं.

मधल्या चौकटीत मी लिहिलं, ‘मुलांची संकल्पना स्पष्ट झाली नाही, अधिक सराव आवश्यक.’ वही परत आली. लाल शाईत शेरा: ‘हे विश्लेषण नाही.’ मग विश्लेषण म्हणजे काय, ते कुठेच नाही. विचारायला गेले तर ‘पुस्तकात बघा’. पाठाचे गुण त्या सहीवर अडलेले, आणि सही करणाऱ्यांना एक वाक्य सांगायला वेळ नाही. आजही आठवलं की चीड येते.

स्टाफरूममध्ये एका ताईंनी सुचवलं, ‘घरी तेलुगू बोलतात पोरं, मराठी कळत नाही, असं लिहून टाक. सही मिळेल.’ मला ते पटेना. चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि उत्तर सोडून फक्त ‘का’ वाचून गठ्ठे लावले. ०.३५ लिहिणाऱ्यांत घरी मराठी बोलणारीही बरीच होती, म्हणजे ते कारण टिकत नव्हतं. बहुतेकांचं कारण एकच: ‘कारण ३५ मोठे.’ एकीने ५ आणि ३५ उजवीकडून नीट एकाखाली एक मांडले होते, पूर्णांकांची बेरीज करताना मांडतात तसे. दशांश चिन्हानंतरचा भाग ही मुलं स्वतंत्र पूर्ण संख्या म्हणून वाचत होती.

मग फळ्यावरची उदाहरणं बरोबर कशी आली? टाचण उघडलं. ०.८ आणि ०.३, २.७५ आणि २.५०. प्रत्येक जोडीत चिन्हापुढच्या अंकांची संख्या सारखीच. अशा जोडीत चुकीचा नियमही बरोबर उत्तर देतो, त्यामुळे वर आलेल्या हातांवरून समज कळणारच नव्हती.

‘महत्त्व काय’चं उत्तर हे. त्या चौकटीत लिहिलेलं कारण चिठ्ठी किंवा वही दाखवून सिद्ध करता येतं का, एवढं तपासा. ‘लक्ष नव्हतं’, ‘सराव कमी पडला’ ही वाक्यं कुठल्याही पाठाला चिकटतात. तुमच्या नोंदीत ती आली तर अजून काम बाकी आहे. मी दोन ओळींवर कोरा कागद चिकटवला.

बरोबर उत्तरांचा गठ्ठाही वाचा, हे राहिलंच सांगायचं. १५ बरोबर उत्तरांत चौघांनी लिहिलं होतं, ‘शतांश लहान असतात म्हणून.’ ही मुलं ०.४ आणि ०.६२ मध्ये ०.४ मोठी म्हणतील. त्यांची अडचण उलट्या बाजूची.

त्यामुळे ‘पुढे काय’ सोपं झालं. पुढच्या तासाला सुरुवातीलाच दोन्ही जोड्या दिल्या: ०.५ व ०.३५, ०.४ व ०.६२. पहिली चुकली आणि दुसरी बरोबर आली, तर जास्त अंक म्हणजे मोठी संख्या असा समज. उलट झालं तर शतांशवाला. मग चौकटींच्या कागदावर १० बाय १० चा चौरस आखून ०.५ साठी पाच उभ्या पट्ट्या रंगवल्या आणि शेजारच्या चौरसात ०.३५ साठी ३५ घरं. पट्ट्यांची घरं मोजून मागच्या बाकावरची मुलगी ओरडलीच, ‘बाई, ही तर पन्नास झाली!’

‘शेवटी शून्य लावा, ०.५० करा’ ही युक्ती मी मुद्दाम आधी दिली नाही. ती दिली की मुलं ५० आणि ३५ पूर्ण संख्या म्हणूनच तुलना करतात, उत्तर बरोबर येतं आणि समज तसाच राहतो.

नोंद पाठ झाला त्याच दिवशी लिहा, मुलांचे शब्द जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशी ‘कारण ३५ मोठे’ आठवत नाही, ‘गोंधळले’ एवढंच आठवतं. चिकटवलेल्या कागदासकट माझ्या नोंदीवर सही झाली, शेरा न लिहिता. वहीत अजून दोनच ओळी छापतात.