३१ नंबरची रांग आणि बाळाचा पाळणा

लेक सात महिन्यांची असताना आम्ही नणंदेकडे जायचं ठरवलं. मी, नवरा, सासूबाई आणि बाळ. दोन विमानं बदलायची होती आणि दुसरा टप्पा सबंध रात्रीचा होता. नणंदेकडचा मुक्काम सुखात गेला, तो घरच्यांपुरताच राहू दे. आज लिहायचंय ते तिकिटांबद्दल, कारण तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्या माणसाला विमान कंपन्या जेवढं सांगतात ते फारच कमी असतं, असं माझं ठाम मत झालंय.

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन नेता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं तिकीट फुकट असतं, हा मात्र गैरसमज. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक कंपन्या मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण १० टक्के घेतात, आणि वर कर वेगळे. हे १० टक्के मूळ भाड्यावर असतात. म्हणजे माझं मूळ भाडं १०० आणि त्यावर कर ६० असतील, तर बाळाचे १० आणि त्याला लागू होतील तेवढेच कर. एका मोठ्या माणसामागे मांडीवरचं बाळ एकच. जुळी असतील आणि सोबत एकच मोठं माणूस असेल, तर दुसऱ्या बाळाला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढल्याच्या दिवशीचं नाही. नणंदेच्या धाकट्याचा दुसरा वाढदिवस असाच एका प्रवासाच्या मधोमध आला होता. जाताना तो मांडीवर गेला, येताना त्याला लहान मुलाच्या भाड्याची सीट घ्यावी लागली. काही कंपन्या अशा वेळी दोन्ही बाजूंना सीट घ्यायला लावतात, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.

आता बेसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा. तो हवाच, यावर आमच्या घरात दुमत नव्हतं, कारण रात्रभर आठ किलोचं बाळ हातावर धरून बसायचं म्हणजे खांदे कामातून जातात. हा पाळणा फक्त केबिनमधल्या भिंतीसमोरच्या रांगेत बसतो. त्या रांगेला बल्कहेड म्हणतात, आणि अशा जागा एका विमानात मोजक्याच असतात. छोट्या, एकाच आइलच्या विमानांत बऱ्याचदा ही सोयच नसते. त्यामुळे आमच्या पहिल्या टप्प्यासाठी आशा ठेवायचं कारणच नव्हतं. सगळी मदार रात्रीच्या विमानावर होती.

ऑनलाइन तिकीट काढल्यावर आम्हाला ३१ नंबरची रांग मिळाली आणि बेसिनेटची विनंती नोंदवल्याचा मेल आला. बरेच लोक इथेच थांबतात. पण बाळाच्या प्रवासात तीन नोंदी वेगवेगळ्या असतात आणि एक झाली म्हणजे दुसरी झाली असं नसतं. पहिली बाळाचं तिकीट, दुसरी बेसिनेटची मागणी, तिसरी सीट नंबर. कंपनीच्या सिस्टिममध्ये मांडीवरच्या बाळाची नोंद `INFT` आणि पाळण्याची `BSCT` अशी दिसते. शेजारी स्थिती असते. `HK` असेल तर पक्कं, `HN` किंवा `PN` असेल तर अजून उत्तर आलेलं नाही, `UC` असेल तर देता येत नाही. ही अक्षरं मेलमध्ये सहसा दिसत नाहीत, पण फोनवरच्या माणसाला "BSCT समोर काय लिहिलंय?" असं विचारलं की तो वाचून दाखवतो.

आमच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. तिकीट एका कंपनीचं, पण दुसऱ्या टप्प्याचं विमान तिच्या भागीदार कंपनीचं. अशा वेळी पाळणा देणं न देणं विमान उडवणाऱ्या कंपनीच्या हातात असतं, तिकीट विकणारीच्या नाही. दोन्ही कंपन्यांचे बुकिंग नंबर वेगळे असतात आणि दुसऱ्या कंपनीचा सहा अक्षरांचा नंबर मागून घ्यावा लागतो. तो मी घेतला, तिच्या वेबसाइटवर टाकला आणि तिथे आम्ही तिघंच दिसलो. लेकीचं नावच नव्हतं! बाळाची नोंद पहिल्या कंपनीकडे होती, दुसऱ्या कंपनीपर्यंत पोचलीच नव्हती.

याचा पडताळा सोपा आहे. मांडीवरच्या बाळालासुद्धा स्वतःचा १३ अंकी ई-तिकीट नंबर असतो, पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे. तो नंबर हातात असला की तिकीट निघालंय हे नक्की. आमच्या मेलमध्ये तो होता, म्हणून पैसे भरून तिकीट निघालं होतं, फक्त निरोप पुढे गेला नव्हता. फोन करून `INFT` पुन्हा पाठवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी लेक यादीत आली. हे विमानतळावर कळलं असतं, तर काउंटरवर दोन कंपन्यांची टोलवाटोलवी ऐकत बसावं लागलं असतं.

पण माझा खरा संताप झाला तो निघायच्या थोडे दिवस आधी. वेळापत्रकात किरकोळ बदल झाल्याचा मेल आला. वेळ दहा मिनिटांनी पुढे, सीट तीच, ३१ नंबर. नवरा म्हणाला, "काही बदललं नाही गं." मी तरी सीटचा नकाशा उघडला. विमानच बदललेलं होतं! जुन्या विमानात ३१ च्या समोर भिंत होती. नव्यात ३१ च्या पुढे ३० होती, तिच्या पुढे २९, आणि भिंत थेट २४ समोर. सीट नंबर जसाच्या तसा राहिला होता आणि पाळणा अडकवायची जागाच राहिली नव्हती. मेलमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

फोनवरचा मुलगा नम्र होता, पण म्हणत राहिला, "मॅडम, तुमची सीट कन्फर्म आहे." मी विचारलं, "३१ च्या पुढे काय आहे, नकाशात बघून सांगाल का?" बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "पुढे सीट आहे." त्यानंतर त्याने मनापासून खटपट केली. २४ मधल्या दोन जागा बाळ नसलेल्या प्रवाशांनी पैसे भरून आधीच घेतल्या होत्या. बहुतेक कंपन्या बाळ असलेल्या कुटुंबाला ही रांग देण्यासाठी अशा प्रवाशांना हलवू शकतात, तसा नियम ठेवलेला असतो, पण ते काम विमानतळावरच्या विभागाचं. त्याने तिथे नोंद पाठवली, संध्याकाळी पुन्हा फोन आला आणि २४ ची रांग मिळाली. मी त्याच्याकडून `BSCT HK` नव्या विमानावर आहे एवढं वाचून घेतलं. रात्रभर बाळ सांभाळायचं आहे अशा बाईला ही शोधाशोध स्वतः करावी लागते, हे मला अजिबात पटत नाही. विमान बदललं की बेसिनेटवाल्या प्रवाशांना कंपनीने आपणहून कळवायला हवं.

पाळणा मिळाला तरी तो उड्डाणानंतरच लावतात आणि उतरण्याआधी काढतात. मध्ये हवा खराब झाली आणि पट्ट्याची खूण पेटली की बऱ्याच कंपन्या बाळाला उचलून घ्यायला लावतात. त्या रात्री लेक गाढ झोपेत असताना तिला उचलावं लागलं, तेव्हा जीव अगदी कासावीस झाला. शिवाय त्या रांगेत पायाशी बॅग ठेवता येत नाही, उड्डाणाच्या वेळी सगळं वरच्या कप्प्यात जातं. आणि हातावरचे दांडे उचलता येत नाहीत, कारण ट्रे त्यांच्यातच असतो. म्हणून दुधाची बाटली, एक लंगोट आणि एक कपडा मी जॅकेटच्या खिशातच ठेवला होता.

परतताना नवरा कामासाठी आधीच निघून गेला होता. मी, सासूबाई आणि लेक. आई-वडिलांपैकी एकच जण बाळासोबत असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवावं. त्यात तिघांचे पासपोर्ट नंबर, प्रवासाच्या तारखा आणि घरी राहणाऱ्याचा फोन नंबर हवा. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, लेकीच्या पासपोर्टवर वडिलांचं. काउंटरवरच्या ताईंनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "बाळ तुमचंच ना?" जन्मदाखल्यावर माझं नाव होतं, तो पुढे केला आणि प्रश्न मिटला. पासपोर्ट आहे मग जन्मदाखला कशाला, असं वाटतं, पण बऱ्याच पासपोर्टांवर आईचं नाव छापलेलं नसतं. व्हिसाही बाळाला स्वतःचा लागतो, मधल्या विमानतळाला ट्रान्झिट व्हिसा लागत असेल तर तोही.

तोवर लेक नऊ महिन्यांची झाली होती आणि आधाराशिवाय बसायला लागली होती. त्या कंपनीची मर्यादा ११ किलो आणि ७० सेंटीमीटर. वजनात ती बसत होती, उंचीत जेमतेम. पण जे बाळ उठून बसतं ते पाळण्यात सुरक्षित नाही, हे वजनाच्या आकड्यावरून कळत नाही. मी बेसिनेट नको म्हणून सांगितलं. तेवढ्यात मागच्या रांगेतलं एक जोडपं काउंटरवर आलं. त्यांचं बाळ दीड महिन्याचं आणि पाळणा मिळालेला नव्हता. मी म्हटलं, आमच्या शेजारची सीट मोकळी आहे, आईने बाळाला घेऊन तिथे यावं. ताई म्हणाल्या, तसं चालणार नाही. तीन सीटच्या गटावर ऑक्सिजनचे मास्क चारच असतात, तीन मोठ्यांचे आणि एका बाळाचा. दोन बाळं एका गटात आली तर एकाला मास्क उरत नाही. कोणत्या रांगेत किती बाळं बसवायची, हे सगळं या एका जास्तीच्या मास्कवर ठरतं.

मग आम्ही पूर्ण अदलाबदल केली. ते दोघं बाळासह भिंतीसमोर, आम्ही त्यांच्या रांगेत. ताईंनी दोन्ही बुकिंगमधले सीट नंबर बदलले, `BSCT` आमच्या नावावरून काढून त्यांच्या नावावर टाकलं आणि नवे बोर्डिंग पास छापून दिले. बाळाच्या पासावर सीट नंबर नसतो, फक्त `INF` असतं. त्या दोघांनी ते पाहून घाबरून विचारलं, म्हणून मी लेकीचा पास दाखवला.